चॅनेलचा खर्च कधी निघतो?

यूट्यूबकडून पहिली रक्कम बँकेत जमा झाली की घरात पेढे येतात. आनंद खराच असतो, पण त्या दिवशी चॅनेल फायद्यात आलेलं असतं असं नाही. बहुतेक वेळा ते तेव्हा सर्वांत खोल खड्ड्यात असतं. हा खड्डा किती खोल आहे आणि तो कधी भरेल, हे सांगणारी वही फार थोड्यांकडे असते. स्टुडिओच्या पडद्यावर व्ह्यूज दिसतात, सबस्क्रायबर दिसतात, डॉलरमधला अंदाजही दिसतो. पेट्रोल, एडिटरचे पैसे आणि स्वतःचे तास मात्र तिथे कुठेच दिसत नाहीत. ते आपणच लिहावे लागतात.

हा हिशेब नेहमीच्या दुकानदारीपेक्षा थोडा वेगळा आहे. दुकानात प्रत्येक नगामागे खरेदी आणि विक्री एकत्र चालते. चॅनेलमध्ये खर्च होतो व्हिडिओमागे आणि पैसे येतात व्ह्यूजमागे. शिवाय आज केलेला व्हिडिओ वर्षभरानंतरही पैसे देऊ शकतो किंवा चौथ्या दिवशी मरून पडू शकतो. म्हणून ‘महिन्याला एवढे आले, एवढे गेले’ एवढ्यावर भागत नाही. हे नीट कळण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत मात्र तीच राहील.

दिंडोरी तालुक्यातला एक कृषी पदवीधर तरुण द्राक्ष आणि कांद्यावर चॅनेल सुरू करतो. फोन २८,०००, वायरलेस माइक ७,०००, ट्रायपॉड आणि दिवा ३,०००, लॅपटॉप ५२,०००. एकूण ९०,००० रुपये. महिन्याला तो सहा व्हिडिओ करतो आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. दोन व्हिडिओ मार्गदर्शनाचे: छाटणी, भुरी, केवडा, फवारणीचं वेळापत्रक. यांना पेट्रोल, एडिटिंग आणि थंबनेल धरून प्रत्येकी १,७०० रुपये लागतात. दोन व्हिडिओ लांबच्या बागेला भेट देऊन केलेल्या यशोगाथांचे. जुन्नर किंवा बारामतीपर्यंत जाणं-येणं, जेवण आणि दीर्घ एडिटिंग मिळून प्रत्येकी २,७००. उरलेले दोन बाजारभावाचे. ते घरूनच होतात आणि प्रत्येकी ५०० रुपयांत निघतात. म्हणजे व्हिडिओंवर महिन्याला ९,८०० रुपये. व्हिडिओ केले नाहीत तरी चुकत नाही असा इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि साठवणुकीचा खर्च १,५००. खिशातून दरमहा ११,३०० रुपये जातात.

इथेच बहुतेक जण थांबतात. पण अजून दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या आहेत.

पहिली, घसारा. फोन आणि लॅपटॉप तीन वर्षांत बदलावे लागतील असं धरलं, तर ९०,००० भागिले ३६ म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, पण आज बाजूला ठेवले नाहीत तर तीन वर्षांनी कर्ज काढावं लागतं. दुसरी गोष्ट स्वतःची मजुरी. बागेच्या भेटीचा व्हिडिओ २० तास खातो, मार्गदर्शनाचा १४, बाजारभावाचा ३. महिन्याचे ७४ तास झाले. तासाला अवघे १०० रुपये धरले तरी ७,४०० रुपये होतात. ‘घरचंच काम आहे, त्याचे कसले पैसे?’ असं म्हणून हा आकडा गाळला की चॅनेल फायद्यात दिसू लागतं आणि माणूस फुकट राबत राहतो. ज्या तासांत तो दुसऱ्याच्या बागेत सल्ला देऊन किंवा स्वतःच्या शेतात काम करून पैसे मिळवू शकला असता, ते तास खर्चाच्या बाजूला असायलाच हवेत.

आता खर्च निघण्याच्या तीन पायऱ्या दिसू लागतात. ११,३०० रुपये आले तर खिशाला तोशीस नाही. १३,८०० आले तर यंत्रसामग्रीही भरून निघते. २१,२०० आले तर स्वतःची मजुरीही सुटते. माझ्या मते खरा ‘ना नफा ना तोटा’ बिंदू हा तिसराच. पहिले दोन वाटेतले थांबे आहेत.

या रुपयांचे व्ह्यूज करायचे तर आरपीएम लागतो, म्हणजे हजार व्ह्यूजमागे आपल्या हातात येणारं उत्पन्न. सीपीएम आणि आरपीएम यांची गल्लत करू नये. सीपीएम म्हणजे जाहिरातदार हजार जाहिरात-दर्शनांमागे मोजतो ते पैसे. आरपीएम यूट्यूबचा वाटा गेल्यानंतरचा असतो आणि ज्या व्ह्यूजवर जाहिरात लागलीच नाही, तेही त्यात मोजलेले असतात. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो. आपल्या उदाहरणात मोठ्या व्हिडिओंचा आरपीएम ४० रुपये धरू. मग तीन पायऱ्यांसाठी महिन्याला अनुक्रमे २,८२,५००, ३,४५,००० आणि ५,३०,००० व्ह्यूज लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीतलं अंतर पाहा. अडीच लाख व्ह्यूजचं हे अंतर म्हणजे नुसता घसारा आणि मजुरी.

आरपीएमचा आकडा निवडताना घाई नको. दिवाळीच्या आधी जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत आखडतात. त्यात द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे या चॅनेलचा प्रेक्षकही नेमका तेव्हाच भरभरून येतो. ऑक्टोबरचा आरपीएम धरून वर्षाचं गणित मांडलं तर ते फेब्रुवारीत कोसळतं. बारा महिन्यांची सरासरी घ्यावी. बारा महिने झाले नसतील तर हाताशी असलेल्या आकड्यातून चौथा हिस्सा कमी करून पाहावं. इथे ४० ऐवजी ३० धरला तर तिसरी पायरी ५,३०,००० वरून थेट सात लाखांच्या पुढे जाते. हा धक्का कागदावर बसलेला बरा.

शॉर्ट्सचे व्ह्यूज या बेरजेत मिसळू नयेत. त्यांच्या पैशांची वाटणीच वेगळी आहे. शॉर्ट्सच्या फीडमधल्या जाहिरातींचे पैसे एकत्र करून व्ह्यूजच्या प्रमाणात वाटले जातात, आणि त्यातल्या आपल्या वाट्याचे ४५ टक्के हाती येतात. हजार व्ह्यूजमागचा त्यांचा दर मोठ्या व्हिडिओंच्या तुलनेत फारच कमी असतो. एखादा शॉर्ट तीन लाखांवर गेला म्हणून ‘खर्चाचा आकडा पार झाला’ असं वाटतं आणि महिनाअखेर हातात काहीशे रुपये पडतात. स्टुडिओत दोन्हींचे आकडे स्वतंत्र पाहता येतात. वहीतही दोन स्वतंत्र रकाने हवेत.

आता पहिल्या वर्षाकडे येऊ. जाहिरातीतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं ही अट आहे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं टिकत असेल तर ६०,००० व्ह्यूज लागतात. आपल्या तरुणाला तिथे पोचायला नऊ महिने लागले आणि दहाव्या महिन्यापासून जाहिराती सुरू झाल्या असं धरू.

तरीही पैसे लगेच येत नाहीत, आणि वही गडबडते ती इथे. दहाव्या महिन्यात त्याने ३,००० रुपये कमावले, अकराव्यात २,८००, बाराव्यात ३,४००. स्टुडिओत दिसतो तो अंदाज असतो. महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेच्या सुमारास पक्का आकडा अ‍ॅडसेन्समध्ये जमा होतो; अवैध क्लिक किंवा हक्काच्या तक्रारींमुळे तो अंदाजापेक्षा कमी भरू शकतो. शिल्लक १०० डॉलरच्या पुढे गेली तरच पैसे निघतात, तेही २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. तीन महिन्यांचे ९,२०० रुपये मिळून हा उंबरठा बाराव्या महिन्याअखेर ओलांडला जातो आणि पहिली रक्कम बँकेत येते तेराव्या महिन्यात. त्याआधी शिल्लक १० डॉलर झाली की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. खेडेगावात पत्ता नीट लिहिलेला नसेल तर या एका लिफाफ्यापायी महिना जातो.

म्हणून प्रत्येक रकमेसाठी तीन नोंदी ठेवाव्यात: कमावली कोणत्या महिन्यात, पक्की किती झाली, बँकेत कधी आणि किती आली. ‘खर्च निघाला का’ हे पहिल्या दोन नोंदींवरून ठरतं. ‘पुढच्या महिन्यात एडिटरला द्यायला पैसे आहेत का’ हे तिसऱ्या नोंदीवरून. डॉलरचा त्या दिवशीचा भाव आणि बँकेने परदेशी रकमेवर कापलेलं शुल्क यांमुळे शेवटचा आकडा थोडा वेगळाच येतो. तोच लिहावा, मनातल्या मनात गुणाकार करून काढलेला नको.

इथेच आणखी एक गळती असते. गूगलला अमेरिकेतल्या करासाठी माहितीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. द्राक्षाच्या मराठी चॅनेलला तिकडचे प्रेक्षक मूठभर, म्हणजे कपात नगण्य. फॉर्म भरलाच नाही तर मात्र सगळ्या जगातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. अ‍ॅडसेन्सच्या विवरणात पक्की रक्कम आणि दिलेली रक्कम यांत मोठी तफावत दिसली की आधी हा फॉर्म तपासावा.

बारा महिने संपताना वही काय सांगते? यंत्रसामग्रीचे ९०,००० आणि बारा महिन्यांचे ११,३०० प्रमाणे १,३५,६००. एकूण २,२५,६०० रुपये खिशातून गेले, आले शून्य. हा तो खड्डा. हा हिशेब रोखीचा आहे, म्हणून यात यंत्रांची पूर्ण किंमत धरली आणि घसारा धरला नाही. दोन्ही एकाच बेरजेत घातले तर एकच खर्च दोनदा मोजला जातो. द्राक्षाची नवी बाग लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मांडव, रोपं आणि ठिबक यांचे पैसे पहिला घड दिसण्याआधीच गेलेले असतात, आणि तो ते विसरत नाही.

दुसऱ्या वर्षी जाहिरातींचे १,००,००० रुपये बँकेत आले आणि तीन कंपन्यांचे प्रायोजित व्हिडिओ प्रत्येकी १५,००० प्रमाणे ४५,००० देऊन गेले. एकूण १,४५,०००. खर्च पुन्हा १,३५,६००. रोखीत ९,४०० रुपये शिल्लक, म्हणजे पहिली पायरी वर्षभराच्या हिशेबात पार. घसाऱ्याचे ३०,००० लावले की २०,६०० तोटा. मजुरीचे ८८,८०० लावले की तोटा १,०९,४००. आणि खड्डा २,१६,२०० रुपयांचा अजून शिल्लक आहे.

प्रायोजित पैशाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तो एकरकमी असतो म्हणून मोह पडतो, पण ठरलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम यांत बरेचदा दोन-तीन महिने जातात. बिल दिलं त्या दिवशी नोंद करावी आणि ‘येणे’ असा वेगळा रकाना ठेवावा. टीडीएस कापला असेल तर पूर्ण रक्कम उत्पन्नात आणि कापलेली रक्कम भरलेल्या करात लिहावी; विवरणपत्र भरताना तिची वजावट मिळते. कंपनीने पैशांऐवजी फवारणी पंप दिला तर तो रोख रकान्यात येत नाही, कारण पंपाने एडिटरचं बिल भागत नाही. करासाठी मात्र तो लाभच असतो: एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा लाभांवर १० टक्के कर कापण्याची तरतूद जुलै २०२२ पासून आहे. आणि प्रायोजकत्व आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगावंच लागतं. औषधाच्या बाटलीवर शेतकऱ्याचा हंगाम अवलंबून असतो. पैसे घेऊन केलेली शिफारस लपवणं हा गुन्हा त्याच्याशीच आहे.

चोविसाव्या महिन्यात हा तोट्याचा आकडा पाहून चॅनेल बंद करावं का? अजून नाही. आतापर्यंत सगळे व्हिडिओ एका ढिगात मोजले. आता प्रत्येकाला त्याचं स्वतःचं खातं उघडून द्यायचं. स्टुडिओत एकेका व्हिडिओचं उत्पन्न दिसतं. ते ३० दिवसांनी, ९० दिवसांनी आणि ३६५ दिवसांनी वहीत उतरवायचं, शेजारी त्याचा खर्च आणि तास.

फळछाटणीचा एक व्हिडिओ घ्या. पहिल्या ऑक्टोबरमध्ये तो १८,००० वेळा पाहिला गेला, मग वर्षभर निपचित पडला आणि पुढच्या छाटणीला पुन्हा उठला. दुसऱ्या ऑक्टोबरअखेर एकूण ७०,००० व्ह्यूज. हे सगळे जाहिराती सुरू असताना मिळालेले धरले तर २,८०० रुपये. खर्च १,७०० आणि मजुरी १,४००. अजून ३०० रुपये कमी पडतात, पण तिसरी छाटणी यायची आहे आणि त्यावर आता एक पैसाही घालायचा नाही. कांद्याच्या भावाचा व्हिडिओ तीन दिवसांत २२,००० व्ह्यूज आणि ८८० रुपये मिळवून कायमचा संपतो. पण त्याला लागले ५०० रुपये आणि तीन तास, म्हणजे मजुरीसह ८००. तो आठवड्याच्या आतच ८० रुपये फायद्यात. बारामतीची यशोगाथा मात्र वर्षभरात १२,००० व्ह्यूजवर अडकली. ४८० रुपये आले. गेले २,७०० आणि २० तासांचे २,०००.

हे तिसरं खातं उघडल्याशिवाय दिसत नाही, कारण यशोगाथेखाली प्रतिक्रिया सर्वांत चांगल्या येतात. लोक कौतुक करतात, शेतकरी आपल्या गावी बोलावतात, आणि चॅनेल वाढतंय असा भास होतो. प्रत्यक्षात महिन्याच्या व्हिडिओ-खर्चातले ५,४०० रुपये आणि ७४ पैकी ४० तास याच दोन व्हिडिओंत जात होते.

तरुणाने यशोगाथा थांबवल्या आणि त्यांच्या जागी मार्गदर्शनाचा एक व्हिडिओ वाढवला. आता महिन्याला पाच व्हिडिओ. खिशातला खर्च ११,३०० वरून ७,६०० वर आला, तास ७४ वरून ४८ वर. घसारा आणि मजुरी धरून महिन्याला २१,२०० ऐवजी १४,९०० रुपये लागतात. तिसरी पायरी ५,३०,००० व्ह्यूजवरून ३,७२,५०० वर उतरली. प्रायोजित व्हिडिओंचे महिन्याला सरासरी ३,७५० रुपये कायम राहिले, तर जाहिरातींतून ११,१५० रुपये पुरतात, म्हणजे पावणेतीन लाखांहून थोडे जास्त व्ह्यूज. दुसऱ्या वर्षीची त्याची सरासरी दोन लाखांच्या आसपास होती. अजून सत्तर-ऐंशी हजार कमी पडतात, पण आता हे अंतर छाटणीच्या जुन्या व्हिडिओंकडून भरून निघण्याच्या टप्प्यात आहे.

या गणितालाही मर्यादा आहेत. बाजारभावाच्या व्हिडिओंमुळे आलेला माणूस पुढे छाटणीचा व्हिडिओ पाहतो, हा उपकार त्याच्या खात्यात दिसत नाही. एखाद्या यशोगाथेमुळे प्रायोजक मिळालेला असू शकतो. म्हणून एखादा प्रकार बंद केल्यावर तीन महिने बाकीच्यांच्या व्ह्यूजवर नजर ठेवावी. तेही घसरले तर तो परत आणावा, पण कमी खर्चात: दिंडोरीतल्याच बागेत, एका दिवसात.

दोन वर्षांनंतर निर्णय तीन आकड्यांवर घ्यावा. मागच्या सहा महिन्यांत खिशातला खर्च निघाला का? एक वर्षाहून जुने व्हिडिओ महिन्याच्या उत्पन्नातला किती भाग देतात, आणि तो वाढतोय का? खर्च वजा जाता तासाला किती रुपये पडले? पहिलं उत्तर ‘नाही’ असेल आणि जुने व्हिडिओही काही देत नसतील, तर नवा कॅमेरा घेणं म्हणजे खड्डा आणखी खणणं आहे. पहिलं ‘हो’ असेल आणि जुन्यांचा वाटा वाढत असेल, तर तासाचा दर कमी असला तरी जोडधंदा म्हणून थांबायला हरकत नाही. नोकरी सोडण्याचा विचार मात्र तासाचा दर नोकरीतल्या दराला सलग एक वर्ष गाठेपर्यंत करू नये.

चॅनेल सुरू होऊन काही महिने झाले असतील आणि वही नसेल, तरी मागचे आकडे हाती लागतात. बँकेचं विवरण, यूपीआयचा इतिहास आणि अ‍ॅडसेन्समधली व्यवहारांची यादी यांतून बहुतेक खर्च आणि सगळी जमा सापडते. तास तेवढे आठवून लिहावे लागतील. ते आजपासून त्या त्या दिवशी लिहा, कारण या वहीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत आधी विसरला जाणारा खर्च तोच आहे.